विश्लेषण : पीएफ नाही, मालकही नाही… गिग कामगारांनी म्हातारपणाची पुंजी कशी उभारायची?

जेवण पोहोचवणारे, ॲपवर टॅक्सी चालवणारे, घरोघरी दुरुस्तीची कामे करणारे यांना देशाच्या कायद्यात 'गिग कामगार' म्हणून ओळख मिळाली आहे. सामाजिक सुरक्षा संहितेसह चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानंतर 'आता आम्हालाही पीएफ मिळणार का' हा प्रश्न या कामगारांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. यांतील बहुतेकांच्या साठीनंतरच्या उत्पन्नाची सोय आजही त्यांच्या स्वतःच्या बचतीवरच अवलंबून आहे. ती बचत किती असावी, कुठे असावी आणि कमी-जास्त कमाईत ती टिकवायची कशी, याचा हा आढावा.

नवी संहिता गिग कामगारांना पीएफ देते का?

नाही. संहितेनुसार ॲप कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. त्यालाही मर्यादा आहे. ही रक्कम कंपनीने गिग कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. या निधीतून अपघात व आयुर्विमा, आरोग्य, मातृत्व लाभ आणि वृद्धापकाळातील संरक्षण अशा योजना आखता येतात.

पीएफ आणि हा निधी यांत मूलभूत फरक आहे. पीएफचे खाते कर्मचाऱ्याच्या नावावर असते, त्यात दरमहा किती जमा झाले हे दिसते आणि ती रक्कम त्याच्या हक्काची असते. सामाजिक सुरक्षा निधी हा सामाईक आहे. त्यातून कोणाला काय मिळणार, हे सरकार जाहीर करील त्या योजनेवर ठरणार. त्यामुळे ई-श्रम पोर्टलवर आधारच्या साह्याने नोंदणी करून ठेवणे आवश्यक आहे, पण केवळ तेवढ्यावर विसंबून निवृत्तीचे नियोजन होऊ शकत नाही.

पगारदाराच्या पीएफमध्ये नेमके काय असते?

मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५ हजार रुपये असलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि मालक तेवढेच घालतो. मालकाच्या वाट्यातील १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ५५० रुपये पीएफ खात्यात जातात. म्हणजे या कर्मचाऱ्याच्या म्हातारपणासाठी दरमहा ३,६०० रुपये बाजूला पडतात. त्याशिवाय नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पीएफशी जोडलेल्या विम्यातून कुटुंबाला कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते.

व्याजदराची चर्चा खूप होते, पण पीएफचे खरे बळ इतर गोष्टींत आहे. पैसे हातात येण्याआधीच कापले जातात. पगार वाढला की कपात आपोआप वाढते. पैसे सहज काढता येत नाहीत. आणि मालकाची भर पडते. गिग कामगाराला मालकाची भर मिळणार नाही, पण बाकीच्या तीन गोष्टी तो स्वतः उभ्या करू शकतो.

बचत कोणत्या कमाईवर मोजायची?

ॲपवर दिसणारी रक्कम ही कमाई नसते. पुण्यात दुचाकीवरून जेवण पोहोचवणारा ३० वर्षांचा कामगार उदाहरणादाखल घेऊ. आठवड्याला सरासरी ७,००० रुपये त्याच्या खात्यात येतात. त्यातील १,४०० रुपये पेट्रोलला जातात. ऑइल, टायर, ब्रेक, गाडीचा विमा आणि मोबाइलचा रिचार्ज हे खर्च दर आठवड्याला येत नाहीत, पण वर्षाचे मिळून आठवड्याला ५०० रुपये पडतात. उरले ५,१०० रुपये. महिन्याचा हिशेब केला तर सुमारे २२ हजार.

हा कामगार स्वतःची कमाई ३० हजार समजत असेल, तर त्याचे पुढचे सारे हिशेब चुकतात. उधारी आणि हप्ते ३० हजारांच्या अंदाजाने ठरतात आणि बचतीला काही उरत नाही. रिक्षाचालकाला गॅस व परवान्याचा खर्च, ब्यूटिशियनला साहित्य व प्रवास, शिंप्याला गाळ्याचे भाडे आधी वजा करावे लागते. बचतीचा टक्का त्यानंतर उरलेल्या रकमेवर लावायचा.

कमाई दर आठवड्याला बदलते, मग बचत नियमित कशी होणार?

दरमहा ठरावीक रकमेचा हप्ता बांधून घेणे हा पगारदाराचा मार्ग आहे. गिग कामगाराच्या बाबतीत तो अनेकदा पहिल्याच मंदीत मोडतो. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि दोन-तीनदा असे झाले की योजनाच बंद केली जाते.

त्याऐवजी ठरावीक टक्का आणि मधले एक खाते ही पद्धत सोयीची ठरते. कंपनीचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याहून वेगळे एक बचत खाते उघडायचे. त्याचे यूपीआय फोनवर सुरू करायचे नाही आणि डेबिट कार्ड घरी ठेवायचे. आठवड्याचे पैसे आले की त्याच दिवशी निव्वळ कमाईचा १० टक्के हिस्सा तिकडे वळवायचा. वरच्या उदाहरणातील कामगाराला पावसाळ्यात, इन्सेंटिव्ह चांगला असताना ८,५०० रुपये मिळाले आणि पेट्रोल व इतर खर्च २,१०० रुपये झाला, तर ६,४०० मधील ६४० रुपये जातील. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि हातात निव्वळ १,९०० रुपयेच पडले, तर १९० रुपये जातील. काम बंदच राहिले, तर काहीही जाणार नाही.

पेन्शन किंवा इतर योजनेचे स्वयंचलित हप्ते या मधल्या खात्यातून जातात. त्यात दोन-तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम कायम राहिली, की मंदीचा आठवडा हप्त्यापर्यंत पोहोचत नाही. सरासरी धरली तर या कामगाराचे महिन्याला सुमारे २,२०० रुपये जमतात.

पहिले पैसे कुठे जावेत?

निवृत्तीच्या बचतीला सर्वांत मोठा धोका बाजारातील चढउतारांपेक्षा मोडलेल्या पायाचा किंवा बंद पडलेल्या गाडीचा असतो. पगारदाराला आजारपणाची रजा असते. गिग कामगाराचे काम थांबले की उत्पन्न त्याच दिवशी थांबते आणि खर्च मात्र वाढतो. अशा वेळी साठवलेली पुंजी मोडली जाते किंवा जास्त व्याजाचे कर्ज घेतले जाते.

म्हणून पहिल्या वर्षी दरमहाच्या २,२०० रुपयांतील मोठा भाग, सुमारे १,६०० रुपये, मधल्या खात्यातच राहू द्यावेत. वर्षात १९ हजार रुपये साठतात. महिन्याचा घरखर्च १६ हजार असलेल्या घरासाठी ही सव्वा महिन्याची सोय झाली. ती पुरेशी नाही, पण एक मोठी दुरुस्ती किंवा महिनाभराची सक्तीची विश्रांती निभावते. पीएफशी जोडलेला विमा नसल्याने वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांत २ लाखांचे आयुर्विमा संरक्षण देणारी जीवन ज्योती विमा योजना याच खात्याला जोडता येते.

अटल पेन्शन योजना कितपत उपयोगी?

उरलेल्या रकमेतून पहिल्या दिवसापासून सुरू करण्याजोगी योजना म्हणजे अटल पेन्शन. १८ ते ४० वर्षे वयापर्यंत तिच्यात प्रवेश मिळतो आणि साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांच्या पेन्शनची हमी आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर पती किंवा पत्नीला तेवढीच पेन्शन मिळते आणि दोघांच्या पश्चात वारसाला साठलेली रक्कम मिळते. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी ती सुमारे साडेआठ लाख आहे.

यात वय निर्णायक ठरते. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी २५ व्या वर्षी सुरुवात केल्यास महिन्याला ३७६ रुपये, ३० व्या वर्षी ५७७, ३५ व्या वर्षी ९०२ आणि ४० व्या वर्षी १,४५४ रुपये भरावे लागतात. सुरुवातीला ठरलेली रक्कम पुढे वाढत नाही. हप्ता तिमाही किंवा सहामाहीनेही भरता येतो आणि कमी-जास्त कमाईला हा पर्याय जास्त मानवतो. हप्ता चुकल्यास शंभर रुपयांमागे दरमहा एक रुपया दंड आहे.

दोन अडचणी मात्र लक्षात घ्याव्या लागतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकरदात्यांना या योजनेत नव्याने प्रवेश नाही. कंपनीने टीडीएस कापला म्हणजे आपण करदाते झालो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कर भरणे लागू होते का, यावर ते ठरते. नुसता कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळवता येतो.

दुसरी अडचण मोठी आहे. पेन्शनची रक्कम महागाईप्रमाणे वाढत नाही. महागाई सरासरी ५ टक्के धरली, तर ३० वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आज साधारण १,१५० रुपयांत येते तेवढेच सामान येईल. म्हणजे ही योजना पाया म्हणून उत्तम, पण घर तेवढ्यावर उभे राहत नाही.

पीपीएफ की एनपीएस?

पहिल्या वर्षानंतर मधल्या खात्यातील राखीव रक्कम उभी राहिली, की महिन्याचे १,६०० रुपये दीर्घ मुदतीसाठी मोकळे होतात. त्यांच्यासाठी दोन प्रमुख जागा आहेत आणि दोन्हींत पैसे भरण्याची सक्तीची तारीख नाही. गिग कामगारासाठी हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण.

पीपीएफ खाते टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडता येते. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. व्याजदर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, सरकार दर तिमाहीला त्याचा आढावा घेते आणि व्याजावर कर नाही. मुदत १५ वर्षांची असली, तरी पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात कर्ज आणि सातव्या वर्षापासून काही रक्कम काढण्याची सोय आहे. न्यायालयाच्या हुकुमानेही या खात्यावर कर्जापोटी जप्ती येत नाही. धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्या स्वयंरोजगारितांनी हे ध्यानात ठेवावे. पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जमा झाले, तरच त्या महिन्याचे व्याज त्यांवर मिळते.

एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. तिच्यात एका वेळी किमान ५०० आणि वर्षाला किमान १,००० रुपये भरावे लागतात. पैशांचा काही भाग शेअर बाजारात जात असल्याने दीर्घ मुदतीत परतावा पीपीएफपेक्षा जास्त मिळण्याची शक्यता असते, पण हमी नसते. प्रत्येक सभासदाला कायमचा 'प्रान' क्रमांक मिळतो. काम या ॲपवरून त्या ॲपवर गेले, तरी खाते तेच राहते. ॲप कंपन्यांच्या कामगारांसाठी पेन्शन प्राधिकरणाने एनपीएसचे वेगळे प्रारूपही आणले आहे.

साठीपूर्वी एनपीएसमधून फक्त ठरावीक कारणांसाठी, तेही स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत पैसे काढता येतात. डिसेंबर २०२५ मधील बदलांनंतर खासगी सभासदांना निवृत्तीवेळी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेता येते, किमान २० टक्क्यांतून पेन्शन विकत घ्यावी लागते. एकूण रक्कम ८ लाखांपर्यंत असेल, तर ती सगळी काढता येते.

उदाहरणातील कामगाराने दरमहा १,००० रुपये एनपीएसमध्ये आणि उरलेले ६०० रुपये पीपीएफमध्ये टाकले, तर एकीकडे वाढीची शक्यता आणि दुसरीकडे अडीअडचणीला हात घालता येईल असा साठा, अशी विभागणी होते. वय वाढले, साठी जवळ आली, की शेअरचा हिस्सा कमी करत न्यावा लागतो.

करसवलतीचा फायदा होतो का?

नव्या करप्रणालीत पीपीएफच्या किंवा स्वतः भरलेल्या एनपीएसच्या रकमेवर वजावट नाही. तिथे एनपीएसमधील फक्त मालकाच्या वाट्याला सवलत आहे आणि स्वयंरोजगारिताला मालकच नसतो. जुन्या प्रणालीत पीपीएफसह इतर गुंतवणुकींवर दीड लाख आणि एनपीएससाठी आणखी ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. छायाचित्रकार, अनुवादक, सल्लागार अशा जास्त कमाई असलेल्यांनी दोन्ही प्रणालींत कर किती बसतो, हे ताडून पाहावे. महिना २२ हजार कमावणाऱ्याला कर लागतच नाही. त्याच्यासाठी 'कर वाचवा' म्हणून विकली जाणारी योजना हा चुकीचा आधार आहे.

३० वर्षांत किती जमेल?

सरासरी ८ टक्के परतावा मिळेल, असे गृहीत धरू. ही हमी नव्हे. महिना २,२०० रुपये ३० वर्षे भरत राहिल्यास सुमारे ३३ लाख रुपये जमतात. आकडा मोठा दिसतो. पण ५ टक्के महागाईने त्याची आजची किंमत साडेसात लाखांच्या आसपास येते.

तीच बचत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवली, म्हणजे दुसऱ्या वर्षी २,३१०, तिसऱ्या वर्षी २,४२५ अशी नेली, तर शेवटी सुमारे ५५ लाख होतात. आजच्या पैशात ते सुमारे पावणेतेरा लाख. कमाईचा टक्का बाजूला काढण्याची पद्धत ठेवली, तर कमाई वाढेल तशी ही वाढ आपोआप होते. पीएफची दुसरी ताकद हीच.

आता हे पावणेतेरा लाख साठीनंतर २० वर्षे पुरवायचे. त्यावरचा परतावा फक्त महागाई भरून काढतो असे धरले, तर महिन्याला आजचे सुमारे ५,३०० रुपये मिळतात. यात अटल पेन्शनही आली. घरखर्च १६ हजारांचा असताना त्यातून एक तृतीयांशच भागतो. म्हणजे १० टक्के ही केवळ सुरुवात ठरते.

वाढ कुठून करायची, हे ज्याने त्याने आपल्या हिशेबात शोधावे लागते. या कामगाराच्या घरखर्चात दुचाकीचा ३,००० रुपयांचा हप्ता आहे आणि तो ३३ व्या वर्षी संपणार आहे. ते पैसे पुन्हा खर्चात मिसळू न देता निम्मे पुढच्या गाडीसाठी आणि निम्मे, म्हणजे १,५०० रुपये, निवृत्तीसाठी वळवले आणि दरवर्षी तसेच वाढवले, तर आजच्या किमतीत आणखी सुमारे साडेसहा लाखांची भर पडते. एकूण सुमारे १९ लाख होतात आणि महिन्याला आजचे ८,००० रुपये मिळू शकतात. आजच्या घरखर्चाचा निम्मा भाग त्यातून भागतो.

हे गणित कुठे बिघडते?

नोकरी सोडून गिग कामाकडे वळलेल्यांची पहिली चूक जुना पीएफ काढून घेण्याची असते. नवी भर पडली नाही, तरी निवृत्तीच्या वयापर्यंत त्या शिलकीवर व्याज मिळत राहते. २०२४-२५ साठी हा दर ८.२५ टक्के होता. पेन्शनयोग्य सेवा दहा वर्षांहून कमी असेल, तर ते पैसे न काढता सेवेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवता येते. पुन्हा नोकरी मिळाल्यास ती वर्षे मोजली जातात.

दुसरी चूक म्हणजे ओळखीच्या एजंटकडून 'पेन्शनसाठी' म्हणून मोठ्या वार्षिक हप्त्याची विमा पॉलिसी घेणे. कमाई अनियमित असली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हप्ता चुकतो आणि सुरुवातीला पॉलिसी सोडल्यास भरलेल्या पैशांतील मोठा वाटा जातो. हप्ता चुकल्यावर काय होते, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा आणि उत्तर कागदावर पाहायचे.

बचत रुळावर आहे का, हे तपासण्याची साधी खूण आहे. वर्षातून एकदा, मार्चअखेरीस, तिन्ही ठिकाणांची शिलक एका कागदावर लिहावी. वर्षभरातील जमा निव्वळ कमाईच्या १० टक्क्यांहून कमी भरली, तर कोणत्या महिन्यात खंड पडला ते दिसते. राखीव रक्कम वर्षात दोनदा संपली असेल, तर पेन्शनची भर थोडी कमी करून आधी ती रक्कम वाढवावी लागते. त्याच वेळी प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव आहे का, हेही पाहून घ्यावे. पगारदाराच्या घरच्यांना मदत करायला कार्यालय असते, गिग कामगाराच्या घरच्यांच्या हाती मात्र तो कागदच असतो.